पहिल्या ३० सेकंदांत निम्मे प्रेक्षक गळतात: रिटेन्शनचा ग्राफ वाचून कारण कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. व्हिडिओवर क्लिक बऱ्यापैकी येतात, थंबनेल चालतंय, पण सरासरी बघण्याचा वेळ काही वर सरकत नाही. दहा मिनिटांचा व्हिडिओ टाका नाहीतर सहा मिनिटांचा, लोक तिसऱ्या मिनिटाच्या आसपास गायब. मग कुणी सांगतं व्हिडिओ छोटे करा, कुणी सांगतं म्युझिक टाका, कुणी सांगतं कॅमेरा बदला. यातलं काहीही करण्याआधी यूट्यूब स्टुडिओतला रिटेन्शनचा, म्हणजे प्रेक्षक व्हिडिओत कुठपर्यंत टिकले याचा ग्राफ नीट वाचावा. त्यात लोक कुठं गेले हे दिसतं, आणि जरा डोकं लावलं तर का गेले हेही बऱ्याच वेळा कळतं.

मी हे शिकलो ते आमच्या दाजींच्या चॅनलवर. दाजींचं कऱ्हाडजवळ मिक्सर, गिरणी, पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. शूटिंग आणि एडिटिंग माझ्याकडे. खाली ज्या व्हिडिओबद्दल बोलतोय तो मिक्सरचा कपलर घरच्या घरी बदलण्याचा आहे, लांबी ८ मिनिटं २० सेकंद. कपलर म्हणजे मोटरच्या दांड्यावर बसवलेला प्लास्टिकचा किंवा रबराचा दातेरी तुकडा, ज्यावर भांडं बसतं. तो झिजला की मोटर फिरते, पण भांड्यातलं पातं फिरत नाही आणि नुसता खरखर आवाज येतो.

ग्राफ कुठं आहे आणि तो काय मोजतो

स्टुडिओत तो व्हिडिओ उघडून `Analytics` मध्ये गेलात की `Key moments for audience retention` नावाचा भाग दिसेल. व्हिडिओ टाकल्या टाकल्या तिथं काही नसतं. आकडे यायला एक-दोन दिवस लागतात. शिवाय महत्त्वाचे क्षण वेगळे दाखवायला व्हिडिओ किमान ६० सेकंदांचा आणि त्यावर किमान १०० व्ह्यूज असावे लागतात. शंभर व्ह्यूजवर मात्र निष्कर्ष काढू नका. तिथं एक माणूस म्हणजे अख्खा एक टक्का, आणि पहिल्या शंभरात निम्मे आपले मेहुणे-पाहुणे असतात. मी पाचशेच्या पुढं गेल्याशिवाय ग्राफकडे गंभीरपणे बघत नाही.

आडव्या रेषेवर व्हिडिओचा वेळ, उभ्या रेषेवर टक्के. हे टक्के म्हणजे एकूण व्ह्यूजपैकी तो क्षण किती वेळा बघितला गेला ते. "किती वेळा" हे शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं वाचन त्यावर उभं आहे. एखाद्यानं मागं जाऊन तोच तुकडा परत बघितला तर तो दोनदा मोजला जातो, म्हणून सुरुवातीला रेषा कधी कधी १०० च्याही वर दिसते. आणि कुणी तो तुकडा ओलांडून पुढं गेला तर तिथं मोजला जात नाही, पण माणूस अजून व्हिडिओतच असतो. म्हणजे रेषा खाली गेली याचा अर्थ लोक निघून गेले असाच होत नाही.

ग्राफवर एक राखाडी पट्टाही असतो. तो तुमच्याच तेवढ्या लांबीच्या मागच्या दहा व्हिडिओंची नेहमीची चाल दाखवतो. आमच्यासारख्यांच्या बाबतीत हा पट्टा फसवतो. दहाच्या दहा व्हिडिओंत तीच चूक असेल तर ती चूकच "नेहमीची" ठरते आणि स्टुडिओ सांगतो की सगळं ठीक चाललंय. दाजींच्या व्हिडिओत नेमकं हेच होत होतं.

आणखी एक मर्यादा. बारकाईनं बघायची सवय असणारे लोक रेषेवर बोट ठेवून "०:१३ ला गेले" असं म्हणतात. पण यूट्यूबच्या ॲनालिटिक्स एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामला थेट आकडे देणाऱ्या सोयीतून, हा डेटा काढला तर व्हिडिओ लहान असो की मोठा, त्याचे १०० समान तुकडे मिळतात. आमच्या ५०० सेकंदांच्या व्हिडिओत एक तुकडा ५ सेकंदांचा झाला. तासाभराच्या कीर्तनाच्या व्हिडिओत तोच तुकडा ३६ सेकंदांचा होईल. त्यापेक्षा बारीक काही वाचायला जाऊ नये.

आमचा ग्राफ कसा होता

सुरुवात १०० पासून. ०:०५ ला ७८. ०:१० ला ७४. ०:२० ला ५२. ०:३० ला ४८. मग १:१० पर्यंत सावकाश ४४. तिथून रेषा खाली जाऊन ३१ च्या आसपास रेंगाळते आणि २:४५ ला परत वर येऊन ४३ होते. ३:२० ला एक टेकडी, ५४ पर्यंत. ती उतरल्यावर ४:०० पासून हळूहळू घसरत ६:५५ ला ३३. आणि तिथं कडा तुटल्यासारखी, वीस सेकंदांत १२. शेवटाला ६. सरासरी बघण्याचा वेळ ३:०२, म्हणजे सुमारे ३६ टक्के.

हे आकडे मी कागदावर लिहिले, मग व्हिडिओ शेजारी लावून प्रत्येक उताराच्या दहा सेकंद मागं जाऊन बघितलं. मागं का, तर माणूस कंटाळतो आधी आणि बोट हलवतो नंतर. उतार जिथं दिसतो तिथं कारण क्वचितच असतं.

सुरुवातीची गळती: दोन वेगळे आजार

पहिल्या पाच सेकंदांत २२ टक्के गेले. एवढ्या वेळात दाजी फक्त "नमस्कार मंडळी" म्हणाले होते. त्यामुळे या लोकांना व्हिडिओ आवडला नाही असं म्हणता येत नाही, त्यांनी तो बघितलाच नाही. इतक्या लवकर जाणारा माणूस थंबनेल आणि शीर्षकाच्या भरवशावर आलेला असतो आणि पहिल्या चित्रातच त्याला वेगळं काही दिसतं. आमच्या थंबनेलवर काळा पडलेला, जळका मिक्सर होता, कारण तो दिसायला जोरदार होता. कमेंट वाचल्यावर उलगडा झाला. "मोटर जळलीय, वाइंडिंगचं काय करायचं ते सांगा" अशा कमेंट एकापाठोपाठ एक. म्हणजे मोटर जळलेले लोक आम्हीच बोलावले होते. याला एडिटिंगमध्ये उपाय नाही. थंबनेल बदललं, झिजलेला कपलर आणि नवा कपलर शेजारी शेजारी ठेवून फोटो घेतला.

दुसरी गळती ०:१० ते ०:२० मधली, ७४ वरून ५२. ती मात्र आमची करणी. ०:०८ ला आमचा फिरता लोगो सुरू व्हायचा, सात-आठ सेकंद चालायचा, आणि लगेच "व्हिडिओ सुरू करण्याआधी चॅनल सबस्क्राईब करा, बेल आयकॉन दाबा" ०:२४ पर्यंत. म्हणजे मिक्सर बिघडलाय, स्वयंपाकघरात वाटण अडलंय, अशा बाईला आम्ही सोळा सेकंद आमची जाहिरात दाखवत होतो.

दाजींना हे पटवणं सोपं नव्हतं. "पाव्हणं, त्या लोगोला साडेतीन हजार दिल्यात मी," एवढंच त्यांचं उत्तर. मी स्टुडिओच्या तपशिलात जाऊन सबस्क्राईब केलेल्या आणि न केलेल्या प्रेक्षकांच्या रेषा वेगळ्या काढून दाखवल्या. सबस्क्रायबर लोगोवरही टिकून होते, न केलेल्यांची रेषा तिथंच कोसळत होती. ज्यांच्यासाठी विनंती होती तेच ती ऐकून पळत होते. मग दाजी गप्प झाले. (लोगो वाया गेलेला नाही, तो आता दुकानाच्या शटरवर रंगवलाय.)

ही रेषा वेगळी काढण्याची युक्ती नेहमी करावी. दोन्ही रेषा एकाच जागी पडत असतील तर दोष त्या तुकड्यात आहे. फक्त नव्या लोकांची पडत असेल तर तुम्ही ओळखीच्या माणसांशी बोलल्यासारखं बोलताय. आणि व्हिडिओची जाहिरात चालवली असेल तर जाहिरातीतून आलेले प्रेक्षक आधी बाजूला काढा, ते वेगळ्याच कारणानं आलेले आणि वेगळ्याच कारणानं गेलेले असतात.

खड्डा आणि कडा यातला फरक

आता १:१० ते २:४५ बघा. ४४ वरून ३१, आणि परत ४३. मी पहिल्यांदा हे बघून "इथं तेरा टक्के गेले" असं दाजींना सांगून मोकळा झालो होतो. ते चूक होतं. गेलेली माणसं परत येत नाहीत. रेषा खाली जाऊन जवळपास त्याच उंचीवर आली याचा अर्थ बहुतेकांनी तो भाग ओलांडला आणि पुढं जाऊन बघायला सुरुवात केली. ढोबळमानानं शंभरातले बाराजण पुढं सरकले, एखादाच खरा गेला. मोबाईलवर पडद्याच्या उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की व्हिडिओ दहा सेकंद पुढं जातो, पुन्हा पुन्हा मारली की आणखी पुढं. म्हणून अशा खड्ड्याची दुसरी बाजू सरळ उभी नसते, थोडी पसरट चढते.

त्या दीड मिनिटात काय होतं? कपलर म्हणजे काय, तो कशाचा बनतो, बाजारात कोणकोणते मिळतात, आणि टेबलावर मांडलेली हत्यारं एकेक करून. माहिती चुकीची नव्हती, फक्त ज्याला ती नको आहे त्यालाही ऐकावी लागत होती. खड्ड्यावर उपाय कापणं हाच असतो असं नाही. आम्ही आधी हा भाग पूर्ण काढून टाकायला निघालो होतो, पण ३१ टक्के लोक तो बघत होतेच. त्याऐवजी वर्णनात चॅप्टर टाकले:

```
00:00 कपलर झिजलाय हे कसं ओळखायचं
01:05 कोणता कपलर घ्यायचा, हत्यारं
02:40 जुना कपलर काढणे
04:10 नवा बसवणे
06:20 चालवून बघणे
```

चॅप्टर चालू व्हायला पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमानं द्याव्या लागतात, आणि कुठलाही चॅप्टर १० सेकंदांपेक्षा छोटा चालत नाही. चॅप्टर टाकल्यावर ओलांडणं आणखी वाढतं आणि खड्डा आणखी खोल दिसतो, हे आधीच सांगून ठेवतो. घाबरू नका. त्या खड्ड्यानंतरची रेषा किती उंच चढते ते बघा, खड्ड्याचा तळ नव्हे.

पुढच्या व्हिडिओत मात्र हा भाग आम्ही ३० सेकंदांवर आणला. तिथं एक चूक केली. हत्यारं सांगणं पूर्णच काढलं, आणि दोन दिवसांत कमेंटमध्ये "पाना किती नंबरचा?" हा प्रश्न रांगेनं आला. आता ज्या क्षणी हत्यार हातात येतं त्या क्षणी त्याचं नाव आणि माप पडद्यावर लिहितो. बोलत नाही.

टेकडी दिसली म्हणून खूश होऊ नका

३:२० च्या टेकडीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. स्टुडिओ अशा जागा ठळक करून दाखवतो आणि आपल्याला वाटतं, वा, हा भाग लोकांना आवडला. दाजी तर म्हणाले, "बघा, हात चालतोय तेव्हा लोक परत परत बघत्यात."

तिथं नेमकं काय होतं सांगतो. या मिक्सरचा कपलर उलट्या आट्याचा असतो. वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर तो सुटतो, म्हणजे आपण नळ किंवा बाटलीचं झाकण उघडतो त्याच्या उलट. आणि तो फिरवताना खालून दांडा धरून ठेवावा लागतो, नाहीतर मोटरच सोबत फिरते. त्यासाठी दाजींनी मिक्सर आडवा केला, खालचं झाकण काढलं, दांड्याच्या टोकाच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घातला, आणि म्हणाले, "आता उजवीकडं फिरवा." कॅमेरा त्या वेळी मिक्सरच्या बुडाकडून होता. बुडाकडून बघणाऱ्याला उजवीकडे वाटणारी दिशा वरून बघणाऱ्याला डावीकडे असते. लोक तो तुकडा आवडला म्हणून परत बघत नव्हते. कळला नाही म्हणून मागं जात होते.

टेकडी कौतुकाची की गोंधळाची हे ग्राफ सांगत नाही. मी दोन गोष्टी बघतो. त्या वेळेचा उल्लेख असलेल्या कमेंट, आणि टेकडीच्या पलीकडचा उतार. टेकडीनंतर रेषा आधीच्याच पातळीवर आली तर लोकांना हवं ते मिळालं. आधीपेक्षा बरीच खाली गेली तर काहीजण दोनदा बघून, वैतागून निघून गेले. आमची रेषा ४:०० ला ४३ होती, म्हणजे टेकडीच्या आधी होती तेवढीच. लोक गेले नव्हते, कष्टानं समजून घेत होते. कमेंट मात्र स्पष्ट होती: "उजवीकडे म्हणजे वरून की खालून? माझा कपलर तुटला." हे वाचून खरंच वाईट वाटलं. चुकीच्या दिशेनं जोर लावला की तो आणखी घट्ट होतो आणि दाते तुटतात.

हा तुकडा आम्ही परत शूट केला. कपलरच्या माथ्यावर पांढऱ्या मार्करनं बाण काढला, कॅमेरा वरून लावला, आणि "उजवीकडे" हा शब्दच वगळून "बाणाच्या दिशेनं" म्हटलं. नव्या व्हिडिओत त्या जागी टेकडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे सगळ्यात "लोकप्रिय" क्षण गेला, आणि ते चांगलं झालं.

शेवटचा कडा

६:५५ ला ३३ वरून १२. दहा सेकंद मागं गेल्यावर दाजींचं वाक्य सापडलं: "तर मंडळी, अशा प्रकारे आपण..." एवढं ऐकलं की मराठी माणसाला कळतं, कीर्तन संपलं, आता आरती. तो उठतो. त्यानंतर आमचं ८५ सेकंदांचं आभार प्रदर्शन, दुकानाचा पत्ता, पुन्हा सबस्क्राईब. शेवटच्या २० सेकंदांत दुसऱ्या व्हिडिओचा एंड स्क्रीन लावला होता, तो हजारातल्या साठ-सत्तर लोकांनाच दिसत होता.

एंड स्क्रीन ५ ते २० सेकंदांचा असतो आणि व्हिडिओच्या शेवटीच बसतो. म्हणून समारोप लांबवला की तो ओस पडलेल्या जागी जातो. आता मिक्सर चालू करून दाखवताना, आवाज सुरू असतानाच दाजी पुढच्या व्हिडिओबद्दल बोलतात, त्यावरच एंड स्क्रीन येतो, आणि पंधरा सेकंदांत व्हिडिओ खलास. त्या जागी आता २४ टक्के लोक असतात.

जुना व्हिडिओ दुरुस्त करायचा की नवा करायचा

जुन्या व्हिडिओतला लोगो आणि शेवटची ७० सेकंदं मी स्टुडिओच्या `Editor` मधल्या ट्रिमनं कापली. यात लिंक, व्ह्यूज, कमेंट तसेच राहतात, फक्त प्रोसेसिंगला वेळ लागतो. एक लाखाच्या वर व्ह्यूज असलेल्या व्हिडिओत, चॅनल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममध्ये नसेल तर, असे बदल साठवता न येण्याची शक्यता असते. सहा तासांपेक्षा लांब व्हिडिओही तिथं कापता येत नाही. कापल्यावर चॅप्टरच्या वेळा आणि एंड स्क्रीन पुन्हा तपासा, ते विसरलं की सगळं सरकलेलं असतं.

कापलेल्या व्हिडिओचा ग्राफ आधीच्याशी मी ताडत नाही. लांबी बदलली, टक्क्यांचा पाया बदलला. सुधारणा झाली का हे बघायला पुढचा, साधारण तेवढ्याच लांबीचा व्हिडिओ घेतो. आमचा पुढचा व्हिडिओ मिक्सरचे कार्बन बदलण्याचा होता. सुरुवात थेट: "बटण दाबल्यावर मिक्सर कधी चालतो, कधी नाही, आणि खालून ठिणग्या दिसतात? हे दोन कार्बन झिजलेत." ०:३० ला ६३ टक्के. सबस्क्राईबची विनंती मधे, कार्बन बाहेर निघाल्यावर, एका वाक्यात टाकली. तिथं ग्राफवर छोटीशी खाच दिसते, दोन टक्क्यांची. ती आम्ही चालवून घेतो.

ग्राफमध्ये सापडत नाही अशी गळती

एका व्हिडिओचं ०:३० ला फक्त २६ टक्के होतं आणि सुरुवात तर अगदी स्वच्छ होती. तासभर डोकं खाजवल्यावर प्रेक्षक कुठून आले ते बघितलं. ताईनं तो माहेर-सासरच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. प्रेमानं उघडला, प्रेमानं बंद केला. ट्रॅफिकच्या तक्त्यात प्रत्येक मार्गापुढं सरासरी बघण्याचा वेळ असतो. `External` समोर ३८ सेकंद आणि `YouTube search` समोर साडेतीन मिनिटं असं दिसलं की व्हिडिओला हात लावायचा नाही. आठ-दहा दिवस थांबून, नंतरच्या तारखा निवडून ग्राफ परत बघायचा.

आणि ४:०० ते ६:५५ चा तो सावकाश उतार, ४३ वरून ३३, तो आम्ही तसाच ठेवलाय. त्यात कुठंही अचानक पडझड नाही. जुना कपलर निघाला की काही लोक मोबाईल ओट्यावर ठेवतात आणि कामाला लागतात. नवा कसा बसवायचा ते त्यांचं त्यांना कळतं, आणि कमेंटमध्ये दोन दिवसांनी "झालं दादा" एवढंच येतं.